नवीन एअर कॉम्प्रेसर घेण्याबाबत प्रस्ताव

प्रति: मा. संचालक
प्रेषक: देखभाल विभाग, अंबड कारखाना

दादा, 22 किलोवॅटचा जुना स्क्रू कॉम्प्रेसर काढून त्याच ताकदीचा व्हीएफडीवाला घ्यावा, अशी विनंती आहे. खर्च 8.40 लाख, आणि तो व्याजासकट 31 महिन्यांत वसूल होतो.

मागच्या सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू केला. हवा कुणीच वापरत नव्हतं, तरी तो दर काही मिनिटांनी लोड घेत होता. साबणाचं पाणी लावलं तर प्रेसजवळच्या कपलिंगांतून बुडबुडे येत होते. ती गळती आम्ही आधीच काढली. त्यातून वाचलेली वीज या हिशोबात धरलेली नाही, कारण ती बचत नव्या मशिनची नव्हे.

गळती काढल्यावर सात दिवस मीटर लावला. जुना लोडवर 26 आणि अनलोडवर 9 किलोवॅट घेतो. निम्मा वेळ तो अनलोडच असतो, म्हणजे हवा न देता वीज खातो. सरासरी 17.5 पडते. व्हीएफडी मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी करतो, शिवाय दाब 7.5 वरून 6.5 बारवर आणता येईल. नव्याची सरासरी 11.5 धरली आहे.

दोन पाळ्या, वर्षाला 4,800 तास. 6 किलोवॅटप्रमाणे 28,800 युनिट वाचतात. आपल्या बिलातल्या 9.40 रुपये दराने 2,70,720 रुपये. दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचा खर्च 1,34,000 वरून 62,000 वर येईल, म्हणजे आणखी 72,000. एकूण वार्षिक बचत 3,42,720.

खर्च असा: मशिन 7,20,000, पाइपिंग 60,000, वायरिंग 35,000, वाहतूक-बसवणी 25,000. जुन्याचे 70,000 आले की निव्वळ 7,70,000. बँकेकडून 6 लाख, 11 टक्के, तीन वर्षं घेतले तर व्याज सुमारे 1,07,000. एकूण 8,77,000.

वीजबचत 30 टक्के कमी निघाली तर वसुली 40 महिन्यांवर जाईल. तरीही महिन्याला 21,800 वाचतील आणि हप्ता 19,650 आहे, म्हणून मला हा धोका पेलण्यासारखा वाटतो. मात्र 1,51,200 जीएसटी आधी भरावा लागेल. क्रेडिट नंतर मिळेल, पण त्या महिन्यात रोकड लागेल.

मे महिन्यात कॉम्प्रेसर तापून ट्रिप झाला की दोन्ही प्रेस थांबायच्या. ते नुकसान खरं आहे, पण किती तास गेले याची नोंद आपण ठेवली नाही. म्हणून त्याचा एक रुपयाही इथे धरलेला नाही.

ऑर्डर देताना एक अट घालावी: 10 टक्के रक्कम राखून ठेवायची. बसवल्यावर याच मीटरने सात दिवस रीडिंग घेऊ, आकडा जुळला की ती सोडू. मंजुरी मिळाल्यास तिन्ही कोटेशनं सोमवारी टेबलावर ठेवतो.