ताई, त्या दोन हजारांचं काय झालं ते नीट सांगतो

ताई,

परवा फोनवर मी जरा जास्तच चिडलो, पण ते तुझ्यावर नव्हतं. तू म्हणालीस "पोराला वाढदिवसाला दोन हजार दिले त्यात एवढं काय रे" आणि मी "तुला नाही कळायचं" म्हणून फोन ठेवला. मंजिरीने नंतर मला चांगलंच झापलं. फोनवर परत तेच होईल म्हणून लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तर तू पैसे मंजिरीच्या नंबरवर जीपे केलेस, ओजसने तिला सांगितलं मला गेमसाठी रिडीम कोड हवाय, तिला वाटलं गेम विकत घेत असेल, क्रिकेटची बॅट घेतात तसा, तिने दिला घेऊन. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर हा सोफ्यावर तोंड पाडून बसलेला. विचारलं आत्याच्या पैशांचं काय घेतलंस, तर त्याला सांगताच येईना. लपवत नव्हता गं, खरंच सांगता येत नव्हतं काय घेतलं ते. तिथे माझं डोकं फिरलं.

शेवटी वही घेऊन बसलो दोघं. त्याने २७ पेट्या घेतल्या होत्या. याला हे लोक लूट बॉक्स म्हणतात, प्रत्येक गेममध्ये नाव वेगळं, कुठे क्रेट, कुठे पॅक, कुठे चक्र फिरवायचं, पण गोष्ट एकच. पैसे आधी द्यायचे आणि आत काय आहे ते नंतर कळणार. ओजसच्या पेट्यांतून पॅराशूटचे रंग निघाले, बॅगेवर लावायची चित्रं निघाली, एक टोपी तर तीनदा निघाली. एकच टोपी तीनदा! मग जास्तीच्या दोन टोप्यांचे म्हणे टोकन होतात आणि असे पाच टोकन जमले की आणखी एक पेटी. आणि हे सगळं कशासाठी, तर त्याला एक ड्रॅगनचं चित्र असलेली काळी सोनेरी बंदूक हवी होती. ती बंदूक गोळी जास्त जोरात मारते असंही नाही, दिसते फक्त भारी. वर्गातल्या दोघांकडे आहे. ती नाही मिळाली.

आता तुला एका वाक्यात सांगायचं तर हे सोरट आहे. अण्णांच्या दुकानातलं, आठवतंय ना, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, चार आण्याला एक फोडायची, आणि वर दोऱ्याने बांधलेली टॉर्च, प्लास्टिकचं घड्याळ, शिट्ट्या, फुगे. तुला तर आठवायलाच हवं, आईने गोडेतेल आणायला दिलेले पाच रुपये तू तिथे घालवलेस आणि रिकामी बरणी घेऊन दारात उभी होतीस, मी पाहिलंय ते, मी तेव्हा पहिलीत होतो पण पाहिलंय. तुला ना टॉर्च मिळाली ना तेल, सात आठ शिट्ट्या मिळाल्या होत्या आणि आई त्या वाजवू पण देत नव्हती.

पण ताई, त्या सोरटात आणि यात एक फरक आहे आणि मला सगळ्यात जास्त तोच सलतोय. अण्णांच्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या संपायच्या. शंभर असतील तर एक फोडली की नव्व्याण्णव उरायच्या, म्हणजे टॉर्च खरंच पुठ्ठ्यावर असेल तर प्रत्येक चिठ्ठीगणिक आपण तिच्या थोडं जवळ जायचो. ओजसच्या पेटीत तसं नसतं. तिथे दर वेळी नवा कोरा पुठ्ठा. २६ पेट्या वाया गेल्या म्हणून सत्ताविसावीत शक्यता वाढत नाही, ती पहिलीइतकीच. आणि त्याला मनापासून वाटत होतं की आता इतक्या झाल्या म्हणजे पुढच्यात येणारच.

शक्यता किती हे त्या गेममध्ये लिहिलेलं असतं बरं का, कोपऱ्यात एक बारीकसा गोल, त्यावर दाबलं की यादी उघडते. त्या बंदुकीपुढे लिहिलंय ०.५ टक्के. म्हणजे दोनशेत एक. मी ओजसला विचारलं दोनशे पेट्या घेतल्या तर? म्हणाला मग शंभर टक्के मिळणार. नाही मिळत! कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं त्याला, ०.९९५ ला दोनशे वेळा गुणलं की उत्तर येतं ०.३६ च्या पुढे काहीतरी. म्हणजे शंभर पोरांनी प्रत्येकी दोनशे पेट्या फोडल्या तरी त्यातली छत्तीस सदतीस पोरं हात हलवत घरी. आणि दोनशे पेट्यांचे होतात १४,४०० रुपये. हे रुपये त्याला दिसतच नाहीत हा आणखी एक प्रकार, कारण गेममध्ये रुपये चालत नाहीत, हिरे चालतात. दोन हजारांचे अडीच हजार हिरे, पेटी ९० हिऱ्यांना, २७ पेट्या झाल्या की ७० हिरे उरतात. ते कशालाच पुरत नाहीत. २० च कमी पडतायत, पण हिरे कमीत कमी शंभरच घ्यावे लागतात, ऐंशी रुपयांना. किराणावाला सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवतो ना, तो यांच्यापुढे संत म्हणायचा.

रोज गेम उघडला की एखादी पेटी फुकट मिळते, चटक राहावी म्हणून. परवा त्याची ती फुकटची पेटी मी शेजारी बसून बघितली. उघडायच्या आधी तो स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यावर बोटाने तीनदा टकटक करतो. का रे, तर म्हणे असं केलं की चांगलं येतं, कुठल्या तरी यूट्यूबवाल्याने सांगितलंय. मग पेटी हलायला लागते, फटीतून उजेड येतो, आधी निळा, मग जांभळा, मग सोनेरी, पोरगं श्वास धरून बसलेलं, आणि चित्रांची पट्टी फिरत फिरत हळू होते, ड्रॅगनची बंदूक समोर येते, अगदी थांबल्यासारखी वाटते, आणि एक घर पुढे सरकून थांबते टोपीवर. "आई गं, किती जवळ होतं बाबा!" जवळ वगैरे काही नव्हतं. बटण दाबलं तेव्हाच काय निघणार ते ठरलेलं, पट्टी फिरते ती नुसती दाखवायला. पण खरं सांगतो, माझ्या पण पोटात गोळा आला होता. मी बेचाळीस वर्षांचा माणूस.

यामागे डोकं लावलेलं आहे गं. स्किनर नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दाणा. ठरलेल्या वेळी दाणा मिळाला तर कबुतर मध्ये मध्ये सुस्तावतं, पण कधी मिळेल याचा नेम नसला की ते ठोकतच राहतं, थांबत नाही. कॅसिनोतली मशिनं यावरच चालतात.

तू म्हणालीस की फटाके पण जळूनच जातात, ते नाही का आपण घेत. बरोबर आहे, पण सुतळी बॉम्ब मागितला तर दुकानदार सुतळी बॉम्बच देतो. किंडर जॉयचं म्हणशील तर त्यात थोडं हेच आहे, मान्य, पण निदान चॉकलेट तरी पोटात जातं, आणि अर्ध्या तासात सत्तावीस कोणी फोडत नाही. केतकी लहानपणी वेफर्सच्या पाकिटातले टॅझो जमवायची तेही याच जातीतलं, पण तिच्याकडे दोन सारखे आले की ती शेजारच्या पोराशी बदलायची. ओजस त्याची टोपी कुणाला देऊ शकत नाही.

भावोजींनी तो कायद्याचा मेसेज पाठवला होता की सरकारने बंदी घातलीय म्हणून. तो २०२५ चा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, ते रमी नि क्रिकेटच्या टीम लावायचं वगैरे. पेटीतून पैसे निघत नाहीत, टोपी निघते, मग त्याला जुगार म्हणायचं की खरेदी यावर जगभर भांडणं चालू आहेत. बेल्जियमने २०१८ मध्ये सरळ जुगार म्हटलं, तिथे फुटबॉलच्या फिफा गेममधल्या पॅकसाठी पैशाने पॉइंट विकणं बंद करावं लागलं. शेजारच्या नेदरलँडमध्ये त्याच कंपनीला एक कोटी युरोचा दंड ठोकला आणि २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला. चीनने २०१७ पासून शक्यता किती ते जाहीर करायला लावलं. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत गेनशिन इम्पॅक्ट गेमवाल्यांनी दोन कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, आणि सोळा वर्षांखालच्या पोरांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय या पेट्या विकायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे मी एकटाच येडा नाहीये यात.

गेम मी डिलीट नाही केला. मंजिरी म्हणत होती उडव, पण त्याचे मित्र सगळे तिथेच भेटतात, शनिवारी चौघं मिळून खेळतात, ओरडतात, ते मला खटकत नाही. मोबाईलवर खरेदीला माझा पासवर्ड लावलाय. आणि हिशोबाची ती वही त्याच्याच कप्प्यात ठेवायला दिलीय, शेवटी त्याने स्वतः लिहिलंय "७० हिरे शिल्लक, काही येत नाही".

आता तुला एवढंच सांगायचंय की भाऊबीजेला आम्ही येतोय तेव्हा त्याला पैसे देऊ नकोस असं मी म्हणणार नाही, दे, पण हातात नोट दे आणि कशाला हवेत ते त्यालाच विचार. तुला सांगेल तो, मला सांगताना घाबरतो. गेममधलंच काही हवं असेल तर ज्याच्यावर किंमत लिहिलेली असते नि जे दिसतं तेच मिळतं असं पण असतं दुकानात, ते घेऊ दे, माझी हरकत नाही. पेटी नको. आणि ते गोडेतेलाचं त्याला तू सांग, मी सांगितलं तर त्याला वाटेल बाबा बनवून सांगतोय. त्याला वाटतं आत्या लहानपणापासून हेडमास्तरीणच होती.

तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. दोन हजार तू प्रेमाने दिलेस हे त्यालाही माहितीय, त्या रात्री झोपताना विचारत होता आत्याला कळलं तर ती रागावेल का. मी म्हटलं मीच लिहितो तिला.

गुडघा दाखवून आलीस का? एक्सरे काढला असेल तर फोटो पाठव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
मंदार