बाळा जो जो रे : पाळण्याचा अर्थ, ओळीओळीने

(दृश्य: पांढरा कागद, काळी रेघ. आढ्याला टांगलेली लुगड्याची झोळी, तळाशी घडी घातलेली सोलापुरी चादर. बाळाची फक्त मूठ दिसते.)

रामनवमीला दुपारी बाराला देवळात हा पाळणा म्हणतात. घरी तोच बाळासाठी.

बाळा जो जो रे, कुळभूषणा, दशरथनंदना
निद्रा करी बाळा, मनमोहना, रामा लक्षुमणा

(दृश्य: शेजारी शेजारी तीन खिडक्या, तिन्हींत झोळी.)

‘जो जो’ म्हणजे नीज रे. आपल्या सोलापुरात पूर्व भागातली तेलुगू आई ‘जो जो’च म्हणते, कन्नड घरातही हेच. भाषा कुठलीही असो, बाळ याच सुरावर पेंगतं. पुढे आई त्याला कुळाचं भूषण म्हणते, दशरथाचा मुलगा म्हणते. घरातलं नाव काहीही असू दे, पाळण्यात तो राम.

रत्नजडित पालख, झळके अमोलिक
वरती पहुडले कुलदीपक, त्रिभुवननायक

(दृश्य: झोळीवर पिवळे ठिपके उमटतात.)

रत्नांचा झळझळता पाळणा आणि त्यात तिन्ही लोकांचा स्वामी झोपलाय. जुन्या लुगड्याच्या झोळीपाशीही आई हेच गाते, आणि तिला त्यात काही खोटं वाटत नाही.

हालवी कौसल्या सुंदरी, धरुनी ज्ञानदोरी

(दृश्य: मागावरचं एक सूत निघतं, लांबत जातं, झोळीची दोरी होतं.)

इथे जरा थांबा. दोरी रेशमाची नाही, ज्ञानाची आहे. हातातलं बाळ कोण आहे हे कौसल्येला ठाऊक आहे. सगळं जग हलवणारा तो, आणि त्याला झोका देते ती! जाणूनही ती हात जोडून बसत नाही, दोरी ओढत राहते. मला या पाळण्यातली हीच ओळ सगळ्यात मोठी वाटते.

विश्वव्यापका रघुराया, निद्रा करी बा सखया
तुजवर कुरवंडी करुनिया, सांडिन आपुली काया

(दृश्य: आईची मूठ बाळावरून फिरते, मीठ-मोहरी चुलीत पडते. मग मूठ रिकामी, आणि आईची आकृती फिकट होत जाते.)

विश्व व्यापणाऱ्याला ती ‘सखया’ म्हणते, ‘झोप बाबा’ म्हणते. आता कुरवंडी. दृष्ट काढताना आजी बाळावरून मीठ-मोहरी ओवाळते आणि विस्तवात टाकते. बाळावरचं संकट त्या मिठावर जावं, एवढीच इच्छा. ही आई म्हणते, मीठ-मोहरी कशाला, माझा देहच तुझ्यावरून ओवाळून टाकते. रोज रात्री अर्धवट झोपेत किती जणी हे गातात, आणि शब्द किती सहज ओठांवर येतात!

(दृश्य: वरच्या सगळ्या ओळी हातानं लिहिलेल्या, एका कागदावर.)

कागदाचा फोटो काढून ठेवा. चाल तुमच्या आजीकडूनच घ्या. गावागावात ती थोडी वेगळी असते, आणि बाळाला घरचीच लागते.