आत्याबाई

मंडळी, साहेबांनी आत्ता माझ्याबद्दल जे सांगितलं, त्यातलं निम्मंच खरं धरा. बाकीचं निरोपसमारंभात बोलावंच लागतं.

मी इथे 1992 साली लागलो. हुबळीत तीन वर्षं नोकरी करताना कन्नड शिकलो होतो, मिजास मात्र पंडिताची. मराठीत आणायला घेतलेल्या पहिल्याच कन्नड कथेत आजोबा जेवणाऱ्या नातवाला म्हणतात, ‘अवसर माडबेडा.’ मी बेधडक लिहिलं, ‘संधी साधू नकोस.’ हसा, हसा. कन्नडात अवसर म्हणजे घाई. बिचाऱ्या आजोबांना एवढंच म्हणायचं होतं की सावकाश जेव. शब्द ओळखीचा दिसला म्हणून मी कोश उघडलाच नव्हता. तेव्हापासून ओळखीचे शब्दच आधी कोशात बघतो. परवा ‘कादंबरी’सुद्धा बघितला. तो सरळ निघाला.

पण मला सांगायचंय ते ‘अत्ते’बद्दल. कन्नडात आत्याही अत्ते आणि सासूही अत्ते. एका कथेत ही अत्ते पहिल्या पानापासून आहे. पुढे तिच्याच मुलाशी नायिकेचं लग्न होतं. मी लग्नाआधी ‘आत्या’ लिहिलं, लग्नानंतर ‘सासूबाई’. वाटलं, काय चोख काम केलंय! चाळीस शंकांची यादी घेऊन लेखिकाबाईंना भेटायला धारवाडला गेलो. त्या शंकांत ही नव्हतीच.

बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि कथा मोठ्याने वाचायला घेतली. लहान पोर हाक मारते, ‘अत्ते!’ लाडिक, लांबवलेली. शेवटी तीच पोर, आता सून, दारात उभी राहून म्हणते, ‘अत्ते.’ आवाज पार खाली गेलेला. मी माझं मराठी वाचून दाखवलं. बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही हाकच बदललीत. हाक तीच राहिली, हेच तर तिचं दुःख आहे.”

परतीच्या गाडीत मला डोळा लागला नाही. मराठीत दोन्हीकडे चालेल असा शब्दच नाही, असं मी इथे येऊन छातीठोकपणे सांगितलं. बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या डीटीपीच्या ताई कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाल्या, “का नाही? आमच्या कराडकडं सासूला आत्याबाईच म्हणतात की. मी पण म्हणते.”

पोरीच्या तोंडी ‘आत्या’, सुनेच्या तोंडी ‘आत्याबाई’. हाक जवळजवळ तीच, फक्त मागे एक ‘बाई’ लागली आणि मधलं अंतर वाढलं. मी फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा लेखिकाबाई एवढंच म्हणाल्या, “हां, आता ऐकू आलं.”

पुस्तकावर अनुवादक म्हणून माझं नाव आहे. ताईंचं आभारात घालायचं राहून गेलं. दुसऱ्या आवृत्तीत घालू म्हटलं, तर दुसरी आवृत्ती निघालीच नाही. ताई, खांबाआड लपू नका. जरा उभ्या राहा, सगळ्यांना बघू द्या.