नोकरीच्या पत्राचा मराठी तर्जुमा: पगार, प्रोबेशन, नोटीस

ती. आई व ती. अण्णा यांस, सा. न.

रविवारी फोनवर अण्णांनी विचारलं, "सात लाख वीस हजार म्हणजे महिना साठ हजार ना?" आणि मी घाईत "हो, साधारण" म्हणून टाकलं. ते चुकलं. हातात अठ्ठेचाळीस हजार येणार आहेत. बाकीचे कुठे जातात ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून सात पानी पत्रातली पैशांची आणि नोकरी लागण्या-सुटण्याची कलमं इथे मराठीत उतरवली आहेत. कलमांचे आकडे मूळ पत्रातलेच ठेवलेत. झेरॉक्स काढून शेजारी ठेवलीत तर ताडून बघता येईल.

अवतरणात आहे ते पत्राचं, बाहेरचं माझं. मला ही नोकरी हवी आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे लिहिताना हात सोयीच्या शब्दाकडे वळत होता. तसं होऊ नये म्हणून एक पथ्य पाळलं: पत्रात "देऊ शकते" असेल तिथे "देईल" लिहिलं नाही, आणि "पर्यंत" कुठेही गाळलं नाही.

कलम 3. वेतन

"3.1 आपल्यासाठी कंपनीला पडणारा एकूण वार्षिक खर्च रुपये 7,20,000 इतका राहील. त्याची फोड परिशिष्ट अ मध्ये दिली आहे."

यालाच सीटीसी म्हणतात. मी आधी "वार्षिक पगार" असं लिहिलं होतं आणि मग खोडलं, कारण 3.1 मध्ये पगार हा शब्दच नाही. अण्णा, दुकानातल्या पोऱ्यावर वर्षाला किती खर्च होतो हे सांगताना त्याचा महिन्याचा पगार, चहा-नाश्ता आणि दिवाळीचे कपडे असं सगळं धरलंत तर जो आकडा येईल तो सीटीसी. पोऱ्याच्या खिशात तेवढे जात नाहीत.

परिशिष्ट अ, वर्षाचे आकडे:

मूळ वेतन: 3,00,000
घरभाडे भत्ता: 1,20,000
विशेष भत्ता: 1,80,000
भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा: 21,600
उपदान: 14,430
आरोग्य विम्याचा हप्ता: 11,970
कामगिरीनुसार बदलते वेतन, कमाल: 72,000

पहिल्या तीन ओळी दर महिन्याच्या. 25,000 अधिक 10,000 अधिक 15,000, म्हणजे 50,000. पत्रात याला ग्रॉस म्हटलंय, मी "ढोबळ वेतन" लिहिते. हा शब्द लक्षात ठेवा, खाली नोटिशीत तो फार महाग पडतो.

या 50,000 मधून माझा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जाईल. उरले 48,000. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो, तेव्हा 47,900. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, त्यामुळे टीडीएस नाही. सध्या माझ्या हातात 34,500 येतात. म्हणजे खरी वाढ साडेतेरा हजारांची आहे. रविवारी मी जी आनंदात सांगितली तेवढी नाही.

पीएफचे कंपनीचे 1,800 माझ्याच नावावर जमा होतात, त्यातले 1,250 पेन्शनकडे आणि 550 पीएफ खात्यात. ते पैसे बुडीत नाहीत, फक्त आज हातात नाहीत. उपदान म्हणजे आईची ग्रॅच्युइटी. वर्षाला पंधरा दिवसांचं मूळ वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पण ते मिळायला सलग पाच वर्षं नोकरी लागते. खरं सांगायचं तर हे 14,430 मी हिशेबातच धरलेले नाहीत. विमा माझा एकटीचा आहे, तुमचा दोघांचा त्यात नाही. कंपनीने तो खर्च मात्र माझ्या नावावर मांडलाय.

"3.2 बदलते वेतन कंपनीच्या व कर्मचाऱ्याच्या कामगिरीनुसार कमाल रुपये 72,000 पर्यंत देय असू शकते. ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर दिले जाईल. देण्याच्या दिवशी कर्मचारी सेवेत असणे व नोटीस कालावधीत नसणे आवश्यक राहील."

यात "असू शकते" आहे. शून्यही असू शकते. आणि राजीनामा दिल्यावर हे पैसे द्यायचा दिवस आला तर ते मिळणार नाहीत, वर्षभर राबलेलं असलं तरी.

"3.3 रुजू होताना एकरकमी रुपये 50,000 पहिल्या वेतनासोबत दिले जातील. रुजू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत सेवासमाप्ती झाल्यास ही संपूर्ण रक्कम परत करावी लागेल."

हे 50,000 वरच्या 7,20,000 मध्ये नाहीत, वेगळे आहेत. अण्णा लगेच म्हणतील, त्यातून छपराचे पत्रे बदलून घेऊ. एक वर्ष या पैशांना हात लावायचा नाही. अकराव्या महिन्यात सोडली तरी पूर्ण परत, वापरलेल्या महिन्यांची सूट नाही. "सेवासमाप्ती" या शब्दावर मी बराच वेळ अडले. मूळ शब्द सेपरेशन. मी सोडली तरी ती समाप्ती आणि त्यांनी काढली तरी समाप्तीच. "राजीनामा" लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण पत्रात ते नाही.

कलम 5. परिवीक्षा

"5.1 रुजू झाल्यापासून पहिले सहा महिने परिवीक्षा काळ राहील. कंपनी स्वतःच्या निर्णयाने तो आणखी कमाल तीन महिने वाढवू शकते."

"5.2 केवळ मुदत संपली म्हणून सेवा कायम झाली असे समजले जाणार नाही. लेखी आदेश मिळेपर्यंत परिवीक्षा चालू असल्याचे मानले जाईल."

"5.3 परिवीक्षा काळात वेतन परिशिष्ट अ प्रमाणे राहील. रजा दरमहा एक दिवस."

आई, प्रोबेशन म्हटल्यावर तुला तुझी शिक्षणसेविकेची तीन वर्षं आठवतील. तसं नाही हे. तेव्हा तुला मानधन होतं, इथे पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आहे, पीएफही पहिल्या महिन्यापासून. सारखेपणा एकच: ऑर्डर हातात पडेपर्यंत कायम नाही. 5.1 म्हणतं जास्तीत जास्त नऊ महिने आणि 5.2 म्हणतं आदेश येईपर्यंत, मग तो कधीही येवो. ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात. मी ती मराठीतही भांडतीच ठेवली आहेत.

रजा महिन्याला एकच, म्हणून गौरी-गणपतीला मला आठवडाभर येता येणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते.

कलम 9. नोटीस व सेवासमाप्ती

हे सावकाश वाचा. जमलं तर आईने मोठ्याने वाचून अण्णांना ऐकवावं.

"9.1 परिवीक्षा काळात कोणताही पक्ष 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन सेवा संपुष्टात आणू शकतो."

"9.2 सेवा कायम झाल्यानंतर कर्मचाऱ्याने 90 दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक राहील. कंपनी 30 दिवसांची नोटीस देऊन, किंवा त्याऐवजी तितक्या दिवसांचे मूळ वेतन देऊन, सेवा संपुष्टात आणू शकते."

"9.3 कर्मचारी नोटीस कालावधी पूर्ण न करता गेल्यास उरलेल्या दिवसांचे ढोबळ वेतन कंपनीस देय राहील. अशी रक्कम स्वीकारून उरलेले दिवस माफ करावेत की नाही, हा निर्णय सर्वस्वी कंपनीचा राहील."

"9.4 नोटीस कालावधीत रजा घेतल्यास तितके दिवस नोटीस वाढेल. कार्यमुक्ती पत्र व अनुभव प्रमाणपत्र सर्व देणी फिटल्यानंतर दिले जाईल."

हिशेब असा. कायम झाल्यावर कंपनीला मला उद्यापासून येऊ नको म्हणायचं असेल, तर तिला मोजावे लागतील 25,000, कारण तिच्या बाजूला एक महिना आणि मूळ वेतन. मला नव्वदपैकी तीसच दिवस थांबून जायचं असेल, तर मी मोजायचे 1,00,000, कारण माझ्या बाजूला उरलेले दोन महिने आणि ढोबळ वेतन. तेसुद्धा त्यांनी घ्यायचं कबूल केलं तर. घेतले नाहीत तर नव्वद दिवस बसायचं, नाहीतर कार्यमुक्ती पत्र अडकतं. आईला कार्यमुक्त हा शब्द समजावून सांगायला नको. बदलीची ऑर्डर हातात असूनही मुख्याध्यापकांनी सोडेपर्यंत नव्या शाळेत हजर होता येत नव्हतं, तेच इथे.

ही अट मला आवडलेली नाही. पण माझ्या इथल्या दोन मैत्रिणींच्याही पत्रांत नव्वदच दिवस आहेत, त्यामुळे फार धक्काही बसला नाही. आणि गंमत अशी की परिवीक्षा लांबली तर सोडून जाणं मला सोपं आहे, पंधरा दिवसांत.

आणखी एक वाक्य पान 6 वर निघालं, "इतर" या मथळ्याखाली: "कंपनी एकूण खर्च कमी न करता परिशिष्ट अ मधील फोड वेळोवेळी बदलू शकते." म्हणजे 7,20,000 तेच राहतील, पण दरमहाचे 50,000 कमी करून बदलतं वेतन वाढवता येईल. वेतनाच्या कलमात हे नव्हतं, म्हणून मुद्दाम इथे आणलं.

काल एचआरच्या मॅडमना मेल केली होती. त्यांची उत्तरं अशी:

पन्नास हजार परत कधी? "फक्त राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास." मी हे पत्रातच दुरुस्त करून मागितलंय, अजून आलेलं नाही.

परिवीक्षा नऊ महिन्यांपुढे जाते का? "जात नाही, आदेश मेलवर येतो." हे मेलमध्ये लेखी आहे.

नव्वदचे साठ होतील का? "धोरण सर्वांना सारखे आहे." म्हणजे नाही.

रुजू कधी व्हायचं? पत्रात होकारापासून 45 दिवस होते आणि माझ्या आत्ताच्या कंपनीची नोटीस 60 दिवसांची आहे. त्यांनी 60 मान्य करून सुधारित तारीख पाठवली, ती मिळाली.

होकार शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा आहे. गुरुवारी दुकान बंद झाल्यावर, नऊच्या सुमारास फोन करते. अण्णा, तोपर्यंत 9.2 आणि 9.3 पेन्सिलने तुमच्या पद्धतीने एकदा मांडून बघा. माझ्या बेरजेत चूक असेल तर ती तुम्हालाच सापडेल. पन्नास हजारांची दुरुस्ती गुरुवारपर्यंत आली नाही तर काय करायचं, तेवढं मात्र तुम्ही दोघांनी आधी आपसात बोलून ठेवा.

तुमची,
सोनू