घराच्या दुरुस्तीबाबत घरमालकांना पत्र

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. २ जून २०२५

प्रति,
श्री. बिराजदार,
जुळे सोलापूर, सोलापूर

विषय : शुक्रवार पेठेतील भाड्याच्या घराची गळणारी गच्ची, छताचा सुटलेला गिलावा आणि ओल शिरलेला विजेचा बोर्ड यांच्या दुरुस्तीबाबत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आपल्या शुक्रवार पेठेतील घरात आम्ही २०१४ पासून भाड्याने राहत आहोत. या काळात आपण व काकूंनी आम्हाला कधी परके मानले नाही, आणि आम्हीही भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आपल्या खात्यावर जमा करत आलो आहोत. हे संबंध असेच राहावेत ही मनापासून इच्छा आहे. परंतु दुरुस्तीचा जो विषय आजवर फोनवर आणि समक्ष भेटीत बोलून झाला, तो आता घरातील माणसांच्या जिवापर्यंत येऊन ठेपल्यामुळे लेखी मांडणे मला आवश्यक वाटते.

मधल्या खोलीच्या छताला मागील वर्षी सप्टेंबरमध्ये प्रथम ओल आली. त्या वेळी आपण स्वतः येऊन पाहणी केली आणि दिवाळीनंतर काम करून घेऊ असे सांगितले. दिवाळीनंतर गड्ड्याची यात्रा होऊ द्या असे ठरले, यात्रेनंतर उन्हाळ्यात गच्ची कोरडी असताना काम चांगले होईल असे आपण म्हणालात. तो विचार योग्यच होता, म्हणून आम्ही थांबलो. मात्र मार्च, एप्रिल आणि मे असे उन्हाळ्याचे तिन्ही महिने गेले आणि गवंडी आला नाही. आता पावसाळ्याचे दिवस आहेत.

२१ मे रोजी पहाटे वळवाचा पाऊस थांबल्यावर मधल्या खोलीतील छताचा साधारण परातीएवढा तुकडा सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी पडला. त्या नुकत्याच उठून देवघरात गेल्या होत्या, म्हणून इजा झाली नाही. त्यांचे वय ७४ आहे. पडलेल्या जागी स्लॅबचे दोन गज उघडे झाले असून ते गंजून फुगले आहेत, आणि नखाने खरवडले तरी त्यांचे तांबूस पापुद्रे सुटतात. त्या जागेभोवती हातभर अंतरापर्यंत गिलावा पोकळ झाला आहे, काठीने हलके ठोकले की तो वेगळा वाजतो. याचा अर्थ आणखी भाग सुटण्याच्या बेतात आहे. त्या दिवसापासून सासूबाईंचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत हलवला आहे आणि मधली खोली केवळ ये-जा करण्यापुरती वापरतो.

याहून अधिक काळजी विजेच्या बोर्डाची आहे. छतातून झिरपणारे पाणी वायरिंगच्या पाइपमधून उतरते आणि थेट मुख्य बोर्डात येते. गेल्या आठवड्यात पंख्याचे बटण दाबताना सासूबाईंच्या हाताला झिणझिण्या आल्या. परवानाधारक वायरमनला तातडीने बोलावले असता बोर्डाच्या आतील लाकडी पट्टी ओलीने काळी पडलेली आणि दोन जोडण्यांवर गंज चढलेला आढळला. बोर्ड कोरड्या भिंतीवर हलवावा, खराब झालेली वायर बदलावी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवावा, असा त्यांचा स्पष्ट सल्ला आहे. सध्या त्या खोलीची लाइन आम्ही बंद ठेवली आहे.

गच्चीवर आम्ही कुंड्या ठेवत असल्यामुळे गळती होते, असे मागील भेटीत आपण म्हणाला होतात. आपल्या मनात ही शंका राहू नये म्हणून कुंड्या त्याच आठवड्यात खाली आणल्या, त्यानंतरही मे महिन्यातील पावसात गळती झालीच. अनुभवी गवंड्याकडून गच्ची तपासून घेतली तेव्हा कारण वेगळेच दिसून आले. कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यातील वाटा पूर्वेच्या बाजूने सलग फुटला आहे, पावसाळी पाइपचे तोंड बुजल्यामुळे त्याच कोपऱ्यात पाणी साचते, आणि तेथील जुना कोबा खालून सुटला आहे. साचलेले पाणी त्या भेगेतून स्लॅबमध्ये मुरते, गजांना गंज चढतो, गंजलेला गज फुगतो आणि खालचा गिलावा ढकलून पाडतो. ओल मधल्या खोलीच्या पूर्वेकडच्याच अर्ध्या भागात का आहे, हेही यावरून कळते.

म्हणूनच खालून सिमेंट भरून रंग मारून घेण्याची जी सूचना आपण सुचवली होती, ती आम्हाला मान्य करता येणार नाही, हे मी अत्यंत आदराने पण स्पष्टपणे लिहीत आहे. वरचे पाणी बंद केल्याशिवाय खालून केलेले काम टिकत नाही. ओल आत कोंडली जाते, गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी याहून मोठा भाग कोसळतो. आपला खर्चही दोनदा होईल. घर आपले आहे आणि ते आपल्या वडिलांनी बांधले, हे आपण अभिमानाने सांगता. त्या घराचा स्लॅब वाचवायचा असेल तर सुरुवात गच्चीपासूनच व्हायला हवी.

आपणास माझी आग्रहाची विनंती अशी आहे की, गच्चीवरील सुटलेला कोबा काढून तो नव्याने करावा, कठड्याचा वाटा पूर्ण लांबीने नवा भरावा, पावसाळी पाइप मोकळा करून उतार त्या दिशेने द्यावा, आणि काम झाल्यावर गच्चीत एक दिवस पाणी साठवून गळती थांबल्याची खात्री आपल्या व आमच्या समक्ष करावी. त्यानंतर छताचा पोकळ गिलावा पूर्ण काढून, गज घासून, त्यांना गंजरोधक लावून मगच नवा गिलावा व्हावा. आपल्या सोलापुरात जून-जुलैमध्ये पावसाची उघडीप बरीच असते आणि खरा जोर सप्टेंबरमध्ये येतो, त्यामुळे आत्ता काम हाती घेतल्यास कोब्याला पाणी मारून तो मुरायला पुरेसे दिवस मिळतील. जुलै असाच गेला तर मात्र यंदाचेही वर्ष वाया जाईल.

गच्चीवरील पाण्याच्या टाकीचा कॉकही खराब झाला आहे. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि साठवलेल्या पाण्यावरच घर चालते, त्यामुळे रात्रभर टाकी ठिबकून रिकामी होणे परवडणारे नाही. शिवाय ते पाणी त्याच फुटलेल्या कोपऱ्याकडे वाहते. हे काम लहान आहे आणि गच्चीच्या कामाबरोबर सहज होईल. न्हाणीघराच्या दाराची कुजलेली चौकट आमच्या खर्चाने आम्ही बदलून घेतली आहे, तिच्याबद्दल काही मागणे नाही.

आपल्या नोंदणीकृत भाडेकरारात किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने आणि इमारतीची मुख्य दुरुस्ती घरमालकाने करावी असे नमूद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसारही घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची सूचना देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होऊ शकत नाही. आपले भाडे दरमहा ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे ९०,००० रुपये आहे, त्यामुळे ही मर्यादा २२,५०० रुपये होते. गवंड्याने गच्ची व छत मिळून ५२,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. तेव्हा संपूर्ण काम आम्ही आमच्या पातळीवर करू शकत नाही, ते आपल्याच हातून होणे गरजेचे आहे. कायद्याचा उल्लेख करताना मला संकोच वाटतो, परंतु आपल्या दोघांची बाजू कोठे उभी आहे हे आधीच स्पष्ट असलेले बरे. हे पत्र कलम १४ नुसार दिलेली सूचना समजावी.

विजेच्या बोर्डाचे काम मात्र पंधरा दिवस थांबू शकत नाही. आपला वायरमन ८ जूनपर्यंत पाठवावा. तोपर्यंत कोणी न आल्यास आम्ही ते काम परवानाधारक माणसाकडून करून घेऊ, पावती आपल्याकडे देऊ आणि तो खर्च आपण मान्य करावा अशी आमची अपेक्षा राहील. गच्ची व छताच्या बाबतीत हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत काम सुरू व्हावे, आणि त्याआधी सात दिवसांत गवंड्याचे नाव व काम सुरू होण्याची तारीख आपण लेखी कळवावी. व्हॉट्सॲपवर कळवले तरी चालेल. या मुदतीत काही हालचाल न झाल्यास वर सांगितलेल्या मर्यादेत बसणारे काम, म्हणजे पोकळ गिलावा उतरवणे, वाटा भरणे आणि पावसाळी पाइप मोकळा करणे, आम्ही करून घेऊ आणि बिले जोडून तो खर्च भाड्यातून वळता करू. उरलेल्या कामासाठी धोकादायक बांधकाम म्हणून महापालिकेकडे अर्ज करण्याची वेळ आपल्यावर किंवा आमच्यावर येऊ नये, असे मनापासून वाटते.

कामाच्या दिवसांत आमच्याकडून पूर्ण सहकार्य राहील. मधली खोली रिकामी करून देऊ, सामान झाकून ठेवू, आणि गवंड्याला सकाळी आठपासून गच्चीची किल्ली मिळेल. केवळ एक अडचण आधीच सांगून ठेवते. शाळा सुरू होण्याच्या सुमारास माझ्याकडे गणवेशाच्या शिलाईचे काम सर्वाधिक असते आणि पुढच्या खोलीत कापडाचे तागे ठेवलेले असतात. मागील वेळी ओलीमुळे पांढऱ्या कापडाच्या एका ताग्यावर पिवळे डाग पडले आणि त्याची भरपाई मला करावी लागली. त्यामुळे सिमेंट-वाळू मागच्या दाराने वर न्यावी, एवढी व्यवस्था गवंड्याला सांगून ठेवावी. तोपर्यंत पूर्वेच्या कोपऱ्यावर आम्ही ताडपत्री बांधली आहे, परंतु तिच्या भरवशावर पावसाळा काढता येणार नाही.

एकाच वेळी एवढी रक्कम उभी करणे आपणास अडचणीचे असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. आधी गच्ची आणि महिनाभराने छत, असे दोन टप्पे करण्यास आमची हरकत नाही, मात्र दोन्ही टप्प्यांच्या तारखा आताच ठरलेल्या असाव्यात. जूनचे भाडे नेहमीप्रमाणे पाच तारखेच्या आत जमा होईल.

छताची, उघड्या गजांची व बोर्डाची छायाचित्रे, वायरमनचा लेखी अभिप्राय आणि गवंड्याचे अंदाजपत्रक या पत्रासोबत जोडले आहे. पत्र पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवत असून त्याची प्रत आपल्या व्हॉट्सॲपवरही दिली आहे. येत्या रविवारी सकाळी आपण स्वतः येऊन गच्ची पाहावी, गवंड्यालाही मी त्या वेळी थांबवून ठेवते. काकूंना सासूबाईंचा नमस्कार सांगावा.

कळावे,

आपली नम्र,
सौ. मंगल क्षीरसागर