‘दर्यादौलत’ बोटीचं इंजिन बंद पडून बोट वाहत गेल्याबाबत तांडेलाचा अहवाल

प्रति: बोटमालक, राजारामपुरी, कोल्हापूर
घटना: २० नोव्हेंबर २०२५, पहाटे ४.१० ते दुपारी ११.५०, देवगडच्या पश्चिमेला
लिहिलं: २५ नोव्हेंबर २०२५, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

मालक,

फोनवर तुम्हाला दोनदा सांगितलं, पण रेंज तुटत होती आणि माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. आता इंजिनाचा डिझेल पंप इथे कोल्हापुरात उघडला आहे, कारण डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून सगळं एकदाच लिहून देतो. विम्याच्या कामासाठी आलेल्या माणसाने ‘इंजिनात अचानक बिघाड’ एवढंच लिहा, असं सुचवलं. तसं मी लिहिणार नाही, कारण बिघाड अचानक झालेला नाही.

बुधवारी १९ तारखेला दुपारी चार वाजता देवगडहून सुटलो. मी धरून पाच माणसं. डिझेल २१० लिटर, बर्फ १४ लाद्या, पाणी दोन कॅन. अंधार पडायच्या आत जाळी टाकली. अमावास्येची रात्र, समुद्र तसा शांत. रात्री दीडनंतर जाळी ओढायला घेतली आणि साडेतीनपर्यंत सगळी बोटीत आली. बांगडा बरा, थोडी सुरमई, अंदाजे १८० किलो. तोवर इंजिनाची काही तक्रार नव्हती. परत फिरल्यावर जमिनीकडून येणारी मतलई वाढली. वारा आणि लाट दोन्ही नाळेवर घेत आम्ही चाललो होतो, बोट आपटत होती, डेकवरून पाणी मागे धावत होतं.

चारच्या सुमाराला इंजिनाचा आवाज चढायला-उतरायला लागला. कोणी थ्रॉटल हलवतंय की काय असं वाटावं, तसा. मी गिअर काढून न्यूट्रल केला. दोन मिनिटं तसंच चाललं आणि ४.१० ला इंजिन बसलं. जीपीएसवर तेव्हा १६ अंश २१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४ मिनिटं पूर्व. देवगड १७ सागरी मैल पूर्वेला, खाली २६ वाव पाणी.

बाबल्याने टॉर्च धरला, मी डिझेल फिल्टरची वाटी सोडली. वाटीत वर बोटभर डिझेल आणि खाली पाणी, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पावसाचं किंवा टाकीत घाम धरलेलं पाणी असतं तर गोडं लागलं असतं. हे समुद्राचं होतं आणि ते कुठून आलं हे मला त्याच क्षणी कळलं. त्याबद्दल खाली लिहितो.

वाटी रिकामी केली, फिल्टर बदलला (शिल्लक एकच होता), हातपंप मारून हवा काढली आणि सेल्फ मारला. इंजिन उचललं, वीस-एक सेकंद चाललं, परत बसलं. परत वाटी सोडली, परत पाणी. परत हवा काढली, परत सेल्फ. असं पाच-सहा वेळा केलं. ही माझी चूक, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. दोन्ही बॅटऱ्या एकाच स्विचवर आहेत हे मला माहीत होतं. सेल्फ टिकटिक करायला लागला तेव्हा वायरलेसचा दिवा मंद झाला होता. माईक उचलून १६ नंबरवर हाक मारली, पण बटण दाबलं की सेट बंद व्हायचा. इंजिन बसल्या बसल्या पहिली हाक मारली असती, तर पाच मिनिटांत आजूबाजूच्या कुठल्यातरी बोटीने ऐकली असती. ‘आत्ता चालू होईल’ या आशेवर मी बॅटरी संपवली. जीपीएस, नेव्हिगेशनचे दिवे, सगळं त्याबरोबर गेलं. उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारं डॅट यंत्र आपल्या बोटीवर नाही. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे तटरक्षक दलाचा १५५४ लावून उपयोग नव्हता.

नांगर लगेच टाकला नाही, याचंही कारण तेच. २६ वाव पाण्यात ४० वाव दोर पुरत नाही; निदान तिप्पट तरी हवा. तेवढ्यावर नांगर तळाला घासत जातो, धरत नाही. दोर जोडायला हवा होता, पण माणसं इंजिनाला लागली होती. बोट आडवी होऊन लाटेला कूस द्यायला लागली, तेव्हा कुठे एक जाळं नाळेवरून परत पाण्यात सोडलं आणि त्याचा दोर खुंटाला बांधला. त्याने नाळ वाऱ्याकडे आली, हेलकावे कमी झाले. पण वाहणं काही थांबलं नाही. मतलई बाहेर ढकलत होती आणि कार्तिकात पाण्याची ओढ उत्तरेला असते, म्हणजे आम्ही वायव्येला चाललो होतो.

साडेपाचच्या सुमाराला एक मोठं जहाज दक्षिणेकडून आलं. आधी मस्तकावरचे दोन पांढरे दिवे, मग खाली लाल आणि हिरवा, दोन्ही एकदम. दोन्ही रंग एकदम दिसले म्हणजे जहाजाचं तोंड आपल्यावर आहे. आमचा एकही दिवा चालू नव्हता. हातात धरायचे दोन फ्लेअर होते. पहिला पेटलाच नाही. त्याच्यावरची मुदत मार्चमध्ये संपली होती. दुसरा पेटला. बाबल्या केबिनच्या टपावर उभा राहून तो धरून होता आणि मी खालून टॉर्च केबिनच्या पांढऱ्या भिंतीवर मारत होतो. फ्लेअर विझला तरी दोन्ही दिवे तसेच दिसत होते. डालड्याच्या डब्यात चिंध्या घालून, डिझेल ओतून त्या पेटवल्या. ते पेटल्यावर थोड्या वेळाने हिरवा दिवा गेला, फक्त लाल राहिला. जहाज आमच्या बाजूने निघून गेलं. किती लांबून गेलं ते सांगता येत नाही, पण त्याच्या इंजिनाची घरघर पायाखालच्या फळीला जाणवली. त्याच्या लाटेने बर्फाच्या खणाचं झाकण उडालं. जळणारा डबा डेकवर ठेवणं धोक्याचं होतं हे मान्य, पण त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं.

उजाडल्यावर पोराने त्याचा मोबाईल काढला. रेंज नसली तरी जागा दाखवतो, हे मला ठाऊक नव्हतं. ते त्याचं श्रेय. साडेसातला जागा १६ अंश २३ मिनिटं, ७३ अंश १ मिनिट. म्हणजे तीन तास वीस मिनिटांत साडेतीन मैल वाहिलो होतो आणि देवगड आता २० मैलांवर होतं. दोन जाळ्यांचे वरचे दोर सोडून नांगराच्या दोराला जोडले, एकूण ९५ वाव झाला. खाली पाणी २९ वाव. ७.५० ला नांगर सोडला. सुरुवातीला दोर थरथरत होता, म्हणजे नांगर घासत होता; साडेआठला दोर ताणून गप्प झाला. तिथून पुढे बोट हलली नाही. हे काम चार वाजता केलं असतं तर जहाजाच्या वाटेवर गेलोच नसतो, असंही असेल.

दोन वल्ही एकावर एक बांधून त्यावर भगवी ताडपत्री चढवली. ११.२० ला मालवणकडच्या एका ट्रॉलरने ती बघितली आणि वळला. त्यांनी वायरलेसवरून देवगडला कळवलं, तेव्हा घरच्यांना बातमी गेली. ९५ वाव दोर आणि नांगर पाच जणांनी हाताने ओढला. त्यात दाजीच्या उजव्या तळव्याची साल निघाली. देवगडला पट्टी केली, सुई दिली, सध्या तो घरी आहे. त्याचे हे दिवस भरून द्यावेत.

११.५० ला ओढायला सुरुवात. दोर खुंटावर घासू नये म्हणून गोणपाट गुंडाळलं, ते वाटेत दोनदा बदललं. चार नॉटच्या वर जाऊ नका, अशी मी त्यांना खूण केली होती, कारण आपला खुंट जुना आहे. संध्याकाळी ५.२० ला धक्क्याला लागलो. ट्रॉलरच्या तांडेलाने पैसे घेतले नाहीत. डिझेल मात्र आपण भरून द्यायचं, ही रीत आहे; १२० लिटर झालं, त्याची पावती सोबत आहे. मासळीचा बर्फ विरघळला होता, निम्म्या भावाने गेली.

आता पाण्याचं कारण. टाकीची हवेची नळी डेकच्या कडेला आहे, तिचं वरचं वाकडं तोंड ऑक्टोबरमध्ये बर्फ चढवताना लादी आपटून तुटलं. मी त्यावर फडकं बांधलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. मी हो म्हणालो. तुम्ही इथे कोल्हापुरात बसून नळी बघू शकत नाही, बोटीवर मी असतो; फडक्यावर विसंबून समुद्रात जायला मी नको होतं. त्या रात्री पाणी नाळेवरून येऊन कडेने मागे वाहत होतं, फडकं भिजून तिथून आत उतरत राहिलं. टाकी हलली तसं तळाचं पाणी वर आलं.

पंप शनिवारी एसटीने आणला. फोंडाघाट, राधानगरी, पायात पोत्यात गुंडाळलेला पंप, आणि सगळ्या गाडीला डिझेलचा वास. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीने बेंचवर तो उघडला. एक एलिमेंट बाहेर काढून त्याने ते उजेडात धरलं. आरशासारखं चकचकीत असायला हवं, त्यावर एका बाजूला तांबडा, नखाएवढा गंजाचा डाग. बाकीच्या तिन्हींवर बारीक ओरखडे. “पाणी पिलंय की ओ हे. त्यात सेल्फ मारमारून घुसवलंय,” तो म्हणाला. मी गप्प बसलो. चारही एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलायचे, नॉझल तपासायचे, मग कॅलिब्रेशन. तो जुनं एलिमेंट फेकत होता, ते मी मागून घेतलं. विम्याच्या माणसाला दाखवायला ठेवा, सोबतच्या डबीत आहे.

तुमच्याकडून हवंय ते असं. वायरलेसची बॅटरी वेगळी, सेल्फच्या स्विचशी तिचा संबंध नको. त्याशिवाय हातात धरायचा एक वायरलेस. नांगराला निदान ६० वाव दोर जास्तीचा. फिल्टर चार. नवे फ्लेअर, आणि त्यांची मुदत माझ्या वहीत लिहून ठेवीन. डॅटसाठी मत्स्यव्यवसाय खात्याकडे अर्ज करायचा आहे, त्यावर मालकाची सही लागेल. अर्ज आणला आहे. बॅटरीच्या खर्चावर तुम्ही कुरकुराल, मला माहीत आहे. सहा महिन्यांनी कुरकुरा, पण आत्ता घ्या.

टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पंप चढवणार नाही. हवेच्या नळीसाठी इथेच उद्यमनगरात पितळेचं वाकडं तोंड करून घेतलं आहे, उंची दोन फूट, म्हणजे नळी केबिनच्या भिंतीला लागून वर जाईल. त्याचे ६५० रुपये मी दिले आहेत. पंप गुरुवारी मिळणार आहे. शुक्रवारच्या पहिल्या एसटीने निघेन, त्याआधी राजारामपुरीत येऊन अर्जावर सही घेऊन जाईन.

तांडेल, दर्यादौलत