तुलनात्मक लाभ: मंगळवेढ्याचा बसवंत आणि मोहोळचा दत्ता

स्लाइड १. दोघांचं रान

| एकरी उतारा | ज्वारी | हरभरा |
|---|---|---|
| बसवंत, मंगळवेढा (काळं रान) | ८ क्विंटल | ४ क्विंटल |
| दत्ता, मोहोळ (मुरमाड रान) | ३ क्विंटल | ३ क्विंटल |

प्रत्येकाकडे १० एकर. आकडे मी सोपे धरलेत. तुमच्या घरचा उतारा वेगळा असेल, तो वहीच्या कडेला लिहून ठेवा, शेवटी लागेल.

बसवंत दोन्ही पिकांत पुढे आहे. याला निरपेक्ष लाभ म्हणतात. आता खरं सांगा, अशा माणसानं दत्ताकडून काही घ्यावं का? दरवर्षी वर्गातून "कशाला घेईल, सर?" असंच उत्तर येतं. उत्तर चुकीचं आहे, पण ते मनात येणं स्वाभाविक आहे. म्हणून घाई न करता पुढची स्लाइड नीट बघा.

स्लाइड २. एका क्विंटल हरभऱ्यासाठी काय सोडावं लागतं?

बसवंत: २ क्विंटल ज्वारी
दत्ता: १ क्विंटल ज्वारी

सगळा धडा या दोन ओळींत आहे. बसवंतनं एक एकर हरभरा केला तर ४ क्विंटल हरभरा घरात येतो, पण त्याच एकरात ८ क्विंटल ज्वारी आली असती, ती गेली. म्हणजे क्विंटलमागे दोन क्विंटल. दत्ताचा एक एकर ३ क्विंटल हरभरा देतो आणि त्याची ३ क्विंटलच ज्वारी जाते. या सोडलेल्या मालाला संधी खर्च म्हणतात. बियाणं, खत, मजुरी यांचा हिशेब तुम्ही रोज ऐकता. हा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर येत नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो.

हरभरा दत्ताला स्वस्त पडतो, म्हणून हरभऱ्यात तुलनात्मक लाभ त्याचा. ज्वारी उलटी मोजा: एका क्विंटलसाठी बसवंत अर्धा क्विंटल हरभरा सोडतो, दत्ता पूर्ण एक. ज्वारीत बसवंत. दोन्ही पिकांत तुलनात्मक लाभ एकाचाच, असं होऊच शकत नाही. एक गुणोत्तर उलटं केलं की दुसरं मिळतं.

स्लाइड ३. आधी आणि नंतर

आधी, दोघांनी ५-५ एकर वाटून:
बसवंत ४० ज्वारी, २० हरभरा
दत्ता १५ ज्वारी, १५ हरभरा
एकूण ५५ ज्वारी, ३५ हरभरा

नंतर, बसवंत ८ एकर ज्वारी आणि २ एकर हरभरा, दत्ता १० एकर हरभरा:
एकूण ६४ ज्वारी, ३८ हरभरा

रान तेच, पाऊस तोच, कुणी जास्त राबलं नाही. तरी ९ क्विंटल ज्वारी आणि ३ क्विंटल हरभरा जास्त. हे फळ्यावर स्वतः मांडून बघा, मी सांगतो म्हणून मानू नका.

स्लाइड ४. देवाणघेवाण

दत्ता १२ क्विंटल हरभरा देतो, १८ क्विंटल ज्वारी घेतो.
दत्ताकडे: १८ ज्वारी, १८ हरभरा
बसवंतकडे: ४६ ज्वारी, २० हरभरा

दर पडला एका हरभऱ्याला दीड ज्वारी. हा १ आणि २ यांच्या मध्येच बसला पाहिजे. १ च्या खाली दत्ता म्हणेल, मी घरचीच ज्वारी पेरतो. २ च्या वर बसवंत हरभरा स्वतःच करेल. या दोन टोकांच्या आत दर कुठे ठरेल, हे सिद्धांत सांगत नाही. ते गरज आणि घासाघीस ठरवते, आणि फायद्याची वाटणी तिथेच कमी-जास्त होते. हरभरा विकणारा अडलेला असेल तर त्याला १ च्या जवळचा दर मिळतो, हे तुम्ही बाजार समितीत पाहिलंय.

स्लाइड ५. १८१७

डेव्हिड रिकार्डोनं हेच इंग्लंड आणि पोर्तुगालवर मांडलं. वर्षभराच्या कामासाठी लागणारी माणसं:
पोर्तुगाल: दारू ८०, कापड ९०
इंग्लंड: दारू १२०, कापड १००

पोर्तुगाल म्हणजे आपला बसवंत. दोन्हीत सरस, तरी त्यानं दारू करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. लक्षात ठेवा, इथे माणसं मोजली आहेत, क्विंटल नव्हे. आकडा लहान तो चांगला. परीक्षेत इथेच घोटाळा होतो.

स्लाइड ६. हिशेबाबाहेर काय राहिलं?

मागच्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या एका मुलीनं विचारलं, "सर, कडब्याचं काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. ज्वारी म्हणजे नुसते दाणे नव्हेत, दावणीची वैरणही त्यातच. कडबा धरला तर ज्वारी सोडणं आणखी महाग पडतं. मंगळवेढा ते मोहोळ टेम्पोचं भाडं, हरभऱ्यानं जमिनीला मिळणारं नत्र, एकाच पिकावर विसंबण्याची जोखीम, हेही आम्ही धरलेलं नाही. दहाही एकर सारखेच, असंही गृहीत धरलंय.

स्लाइड ७. तुम्ही सोडवा

बसवंतच्या ज्वारीवर चिकटा पडला. उतारा एकरी ८ वरून ४ झाला, बाकी आकडे तेच. आता व्यापारातून दोघांना किती फायदा?

पाच मिनिटं घ्या. उत्तर शून्य येईल. बसवंत अजूनही दोन्ही पिकांत दत्ताच्या पुढे आहे, पण आता दोघांनाही एका हरभऱ्यासाठी एकच ज्वारी सोडावी लागते. कडेला लिहिलेला घरचा उतारा घ्या आणि शेजारच्या बाकावरच्या उताऱ्याशी हेच गुणोत्तर ताडून बघा.